कथा: पाटीवरचे गांधी (अर्धी झाली आहे, तपशील आणि शेवट यावर मतं हवीत)

शब्दवेल्हाळ

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलेय. कथा एका ग्रंथपाल बाईंची आणि त्यांच्याकडे आलेल्या एका मुलाची आहे. अवतरणाचा शोध खरा आहे, माणसं माझी. ग्रंथालयात काम केलेल्या कुणी वाचून सांगा, हे असंच घडेल का? आणि शेवट कसा करू?

निखिल टी.वाय.बी.कॉम.ला. प्रकल्पाचा विषय ‘सहकारी बँकांतील ग्राहकसेवा’. पहिल्याच पानावर त्याने चौकटीत ती सुप्रसिद्ध पाटी उतरवली: ग्राहक ही आमच्याकडे येणारी सर्वांत महत्त्वाची व्यक्ती आहे. तो आमच्यावर अवलंबून नाही, आम्ही त्याच्यावर अवलंबून आहोत. तो आमच्या कामातला अडथळा नाही, तोच आमच्या कामाचा हेतू आहे. खाली, महात्मा गांधी. मार्गदर्शक सरांनी लाल पेनने बाजूला एकच शब्द लिहिला, ‘संदर्भ?’

इंटरनेटवर त्याला ‘दक्षिण आफ्रिकेतील भाषण, 1890’ एवढं मिळालं. ते भाषण मागायला तो नगर वाचनालयात आला.

ढेरे मॅडम देवघेवीच्या काउंटरवर परत आलेल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भाषण नंतर शोधू. त्या वर्षी गांधी होते कुठे, ते आधी बघ. आत्मचरित्र तिसऱ्या कपाटात, खालून दुसरा कप्पा.”

निखिल पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसला. अर्ध्या तासाने परत आला.

“मॅडम, 1890 मध्ये ते लंडनला होते. 1888 ला गेले, 1891 च्या जूनमध्ये बॅरिस्टर होऊन परत निघाले. आफ्रिकेला तर 1893 मध्ये गेले.”

“आणि लंडनमध्ये भाषणं करायचे?”

“नाही ना. शाकाहारी मंडळाच्या समितीवर होते, पण बोलायला उभं राहणं जमायचं नाही. लिहून नेलेलंसुद्धा दुसऱ्याने वाचून दाखवलं.”

“मग हे भाषण कुणी केलं?”

निखिल हसला, पण त्याला घाम फुटला होता. प्रकल्प सोमवारी द्यायचा होता.

मॅडमनी चिठ्ठ्या बाजूला सारल्या आणि कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. “या मजकुरातलं कुठलं वाक्य दुसरं कुणी सहज बोलणार नाही?”

“ग्राहक सर्वांत महत्त्वाचा...”

“ते कुठलाही दुकानदार म्हणेल. लाखभर निकाल येतील.”

“अडथळा नाही, हेतू आहे.”

“हां. आता ते इंग्रजीत टाक. गांधींचं नाव टाकू नकोस. नाव टाकलंस तर ज्यांनी ते नाव लावलंय तेवढेच सापडतील. आणि 1950 च्या आधीचंच दाखव म्हणून सांग.”

निकाल भराभर कमी झाले. जी पानं उरली त्यांत गांधी कुठेच नव्हते. होते ते जाहिरातवाले आणि विक्रेते. सगळ्यांत मागे 1941 साल. ‘प्रिंटर्स इंक’ नावाचं अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायाचं नियतकालिक आणि त्यात स्टुडबेकर मोटार कंपनीच्या विक्री विभागाचे उपाध्यक्ष केनेथ बी. इलियट. ग्राहक काय आहे हे नेमकं सांगता येत नाही, म्हणून तो काय नाही ते सांगतो, असं म्हणून त्यांनी यादी दिली होती. आमच्यावर अवलंबून नाही. आमच्या कामातला अडथळा नाही. आमच्या धंद्याला परका नाही. आणि तो नुसता आकडा नाही, हाडामांसाचा माणूस आहे. त्याला पूर्वग्रह आहेत, भावना आहेत, नाडी आहे आणि कदाचित काही व्हिटॅमिनांची कमतरताही आहे.

“व्हिटॅमिन?” निखिल म्हणाला.

“बघ. पाटीवर येईपर्यंत हा गृहस्थ गळाला आणि त्याची व्हिटॅमिनंही गळाली.”

इथवर झालंय. पुढे निखिलने प्रकल्पात काय लिहावं आणि सरांनी काय म्हणावं, तिथे अडलेय.

तिरकस

पहिला!
व्हिटॅमिनवाला ग्राहक पाटीवर असता तर बँकेत जायला मजा आली असती.

कोकणस्थ_नाही

तुमची तक्रार रास्त आहे. बँका पाट्या लावतात आणि सेवा शून्य. आधी शाखेत लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फुकट आहे. वकील लागत नाही.

शब्दवेल्हाळ

@कोकणस्थ_नाही, धन्यवाद, पण ही कथा आहे हो. निखिलची बँकेबद्दल काहीच तक्रार नाही.

कोकणस्थ_नाही

असू दे. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

निवृत्त_कॅशियर

ती पाटी माझ्या डोक्यावर अनेक वर्षं होती. वरच्या ऑफिसातून यायची, फ्रेमसकट, आणि दर्शनी भागात लावल्याचं कळवावं लागायचं. लोक रांगेत उभे राहून ती वाचायचे आणि मग आमच्यावर ओरडायचे. एक आजोबा पेन्शनच्या दिवशी काठीने पाटी दाखवून म्हणायचे, “काय लिहिलंय वाचा, तुमच्या महात्म्याने सांगितलंय.” दुपारी दोनला कॅश बंद केली की त्यांचा आवाज चढायचा. एकदा आमच्या मॅनेजरने पाटी हळूच कॅलेंडरखाली झाकली. तपासणीला आलेल्या साहेबांनी कॅलेंडर उचललं.

सांगायचा मुद्दा, गांधींचं नाव होतं म्हणून ती पाटी भिंतीवर आली. कुठल्या अमेरिकन मोटार कंपनीच्या सेल्समनचं नाव असतं तर वरच्या ऑफिसाने फ्रेमचा खर्च मंजूर केला नसता.

सातारकर

कथा छान. पण एक शंका. 1890 ही छपाईची चूक असू शकते ना? 1896 किंवा 1898 असेल. गांधी तिथे गेलेच मुळी दादा अब्दुल्लांच्या पेढीच्या दाव्यासाठी. त्यांचे आफ्रिकेतले पहिले बहुतेक अशील व्यापारी, नाताळ इंडियन काँग्रेसमध्येही व्यापारी. मग व्यापाऱ्यांसमोर ते ग्राहकांविषयी बोललेच नसतील कशावरून? ढेरे मॅडमनी नुसत्या सालावरून भाषण उडवलं, हे मला घाईचं वाटतं.

ग्रंथकीटक

मी संदर्भ विभागात आयुष्य काढलं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

ढेरे मॅडमचा क्रम बरोबर आहे. साल आणि ठिकाण आधी तपासायचं, कारण ते पाच मिनिटांत होतं आणि निम्मी बनावट अवतरणं तिथेच पडतात. पण सातारकरांची शंका मलाही टाळून चालणार नाही. साल चुकलं म्हणून वाक्य खोटं ठरत नाही. माणसं खऱ्या वाक्यालाही चुकीचं साल लावतात. त्यामुळे कथेत एक पायरी कमी पडतेय: गांधींचं समग्र वाङ्मय.

इंग्रजी मालिका शंभर खंडांची आहे. त्यातला 98 वा खंड विषयसूचीचा आणि 99 वा व्यक्तिसूचीचा, आणि ज्यांना सगळा मजकूर चाळायचा नसतो ते तिथूनच सुरुवात करतात. आफ्रिकेतली पहिली वर्षं पहिल्या तीन खंडांत येतात. ती मी वेगळ्या कामासाठी पानन् पान वाचली आहेत. व्यापारी त्यांत भरपूर आहेत, सातारकर, तुमचा अंदाज तिथवर बरोबर आहे. पण विषय दुसरा आहे. नाताळमध्ये 1897 मध्ये परवान्यांचा कायदा आला, दुकानाचे हिशेब इंग्रजीत ठेवण्याची अट आली, परवाना नाकारला तर न्यायालयात दादही मागता येईना. गांधी लिहितात ते यावर, अर्ज आणि निवेदनं. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी कसं वागावं, याचा उपदेश तिथे नाही.

आता खरी खोच. हे शोधताना कुठली आवृत्ती हातात आहे, ते पाहायला हवं. 1999 मध्ये या मालिकेची सीडी निघाली आणि त्याच सुमारास सुधारित म्हणून नवी छपाईही. नोंदींचा क्रम बदलला होता, आणि अभ्यासकांनी मूळ खंडांशी ताडून पाहिल्यावर शेकडो नोंदी गायब असल्याचं निघालं. बरीच ओरड झाली आणि 2005 मध्ये सरकारने ती आवृत्ती मागे घेतली. ती सीडी अजून कित्येक ग्रंथालयांच्या कपाटांत आहे. एखादं वाक्य त्या सीडीत सापडलं तर आनंद आहे, पण ‘सापडलं नाही’ या म्हणण्याला तिथे काडीची किंमत नाही, कारण मुळातली पानंच गाळलेली आहेत. आता गांधी हेरिटेज पोर्टलवर मूळ खंडांची छायाचित्रित पानं मोफत आहेत, ती बघावीत.

शब्दवेल्हाळ, तुमच्या मॅडमकडे ती सीडी असू द्या आणि त्यांनी ती बाजूला ठेवू द्या. एका वाक्यात बाई कळेल.

रानपाखरू

बाप रे. सेव्ह केलं.

माझी एक पडलेली शंका. माझ्या मुलीच्या शाळेत फाटकावर आहे, ‘जगात जो बदल पाहायचा आहे तो स्वतः व्हा’, महात्मा गांधी. स्नेहसंमेलनाला मी हेच बोलले होते. हेही गेलं का?

ग्रंथकीटक

अर्धं गेलं. त्या नेमक्या शब्दांत गांधींचं काही सापडत नाही, पण मुळाशी त्यांचं काहीतरी आहे. 1913 च्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये आरोग्यावरची लेखमाला होती. त्यात सर्पदंशाच्या लेखात ते म्हणतात, आपण स्वतःला बदललं तर जगाची वृत्तीही बदलेल, दुसरे काय करतात याची वाट पाहायला नको. साप, भीती आणि अहिंसा असा तो सगळा संदर्भ आहे. फाटकावर मावेल एवढं छोटं नंतर कुणीतरी केलं.

गंमत म्हणजे हाच लेख मूळ छापील मालिकेत 12 व्या खंडात आहे आणि त्या बदललेल्या आवृत्तीत 13 व्या. त्यामुळे इंटरनेटवर दोन माणसं दोन वेगवेगळे खंड सांगून भांडतात आणि दोघंही खरं बोलत असतात. संदर्भ देताना आवृत्ती लिहा म्हणून आम्ही कंठशोष करायचो तो यासाठी.

तिरकस

म्हणजे शाळेच्या फाटकावर साप आहे आणि कुणाला माहीत नाही.

सातारकर

@ग्रंथकीटक, पटलं, परवान्याचा मुद्दा लक्षात आला. तरी विचार गांधींचाच वाटतो हो. विश्वस्त वृत्ती, सेवा, धनको-ऋणको नातं उलटं करणं. कुणी अमेरिकन तेच म्हणाला असेल तर त्याने गांधी वाचले असतील.

मेघदूत_टोरांटो

नाही पटत. मी विक्री क्षेत्रात आहे. इलियटची पूर्ण यादी वाचा. शेवटी तो म्हणतो की ग्राहक वाद घालायला किंवा बुद्धीची चुरस लावायला नसतो. तो त्याच्या गरजा घेऊन येतो आणि त्या त्याच्या आणि आपल्या फायद्याच्या रीतीने भागवायच्या. फायदा! आमच्या प्रशिक्षणात ती यादी फोटोकॉपी होऊन आली होती, कुणाचंही नाव नव्हतं, व्हिटॅमिनही नव्हतं, आणि वर ‘सर्वांत महत्त्वाची व्यक्ती’ हे वाक्य चिकटवलेलं होतं. 1941 च्या मजकुराची सुरुवात त्या वाक्याने होत नाही. म्हणजे हात फिरता फिरता वर डोकं जोडलं गेलं आणि खालचं पोट कापलं गेलं. इकडे कित्येक कंपन्यांत ते बिननावाचंच लटकतं. भारतात आल्यावर नाव मिळालं.

शब्दवेल्हाळ

@ग्रंथकीटक, सीडीचा तुकडा घेतेय. मूळ खंडांसाठी निखिलला जिल्हा ग्रंथालयात पाठवावं का? नगर वाचनालयात शंभर खंड असणार नाहीत.

आणि त्या जुन्या नियतकालिकाबद्दल विचारायचं होतं. निखिलला ते पडद्यावर तुकड्या-तुकड्यात दिसतं. ‘1941’ हे त्याने डोळे झाकून मानावं?

ग्रंथकीटक

मुळीच नाही, आणि विचारलंत ते बरं केलंत. इथे भले भले फसतात.

गूगल बुक्ससारख्या ठिकाणी नियतकालिकाचा तीन ओळींचा तुकडा दिसतो आणि शेजारी एक साल. ते साल अनेकदा त्या अंकाचं नसतं. ग्रंथालयाने मालिका जेव्हापासून घ्यायला सुरुवात केली ते, किंवा नियतकालिक निघालं ते साल संगणक प्रत्येक खंडाला चिकटवून देतो. मग 1955 चा मजकूर 1920 चा दिसतो आणि मुलं ‘आणखी जुना पुरावा सापडला’ म्हणून नाचतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. त्याच खंडात दुसरं काहीतरी शोधायचं. ‘1941’, ‘1942’, ‘1943’ असे आकडे टाकून बघा. कुठे थांबतात ते दिसतं. 1920 च्या म्हणवणाऱ्या खंडात टेलिव्हिजनच्या जाहिराती निघाल्या की उत्तर मिळालंच. त्यानंतर अंकाची तारीख छापलेलं पान डोळ्यांनी बघायचं. आपल्याकडे नसेल तर ज्या ग्रंथालयात तो खंड आहे त्यांना मेल करून मुखपृष्ठाची आणि त्या पानाची प्रत मागायची. बहुतेक ठिकाणी देतात.

स्टुडबेकरच्या बाबतीत हे काम झालेलं आहे. गार्सन ओटूल नावाचे संशोधक ‘कोट इन्व्हेस्टिगेटर’ ही साइट चालवतात, त्यांनी या वाक्याचा माग काढून 1941 चा मजकूर दिला आहे. ढेरे मॅडमनी ती साइट शेवटी दाखवावी, आधी नाही. आधी दाखवली तर कथा दोन ओळींत संपेल.

मूळ खंडांसाठी पोर्टल पुरेसं आहे, पण जिल्ह्याला पाठवा. एसटीचा प्रवास कथेला बरा.

वकीलसाहेब

एक नम्र प्रश्न. इलियटच मूळ, हे कशावरून? त्यानेही कुठूनतरी उचललं असेल. विक्रेते एकमेकांचं उचलतात, भाषणं करणारे तर जास्तच.

ग्रंथकीटक

शक्य आहे. आपण म्हणू शकतो ते इतकंच, की आजवर सापडलेलं सर्वांत जुनं छापील रूप हे आहे. उद्या कुणाला 1935 चं सापडलं तर इलियटही सरकेल. गांधींबद्दलचं विधानही तसंच मोजून करायचं. ‘गांधी हे कधीच म्हणाले नाहीत’ असं मी लिहून देणार नाही, माणूस आयुष्यभर बोलत होता. 1890 मध्ये आफ्रिकेत म्हणाले नाहीत, हे मात्र लिहून देतो.

निवृत्त_कॅशियर

हे आमच्या तपासणीच्या साहेबांना कुणी सांगावं.

ओवी_लिहिते

मी कथेबद्दल बोलते, कारण सगळे शोधाबद्दलच बोलताहेत. शब्दवेल्हाळ, ढेरे मॅडम फार शहाण्या आहेत. प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे तयार वाक्य आहे. ‘व्हिटॅमिनंही गळाली’ हे वाक्य लेखिकेचं आहे, त्यांचं नाही. त्यांना कुठेतरी अडू दे. संध्याकाळी वाचनालय बंद करायची वेळ, वीज गेलेली, कुणी वर्गणीदार मासिकाचा अंक परत करत नाहीये, असं काही. आणि निखिल फक्त ‘हो मॅडम’ करतोय. त्याला राग का येत नाही? त्याला एक संदर्भ हवा होता आणि या बाईंनी त्याच्या प्रकल्पाचं पहिलं पानच उपटलं.

शब्दवेल्हाळ

राग! हे डोक्यातच नव्हतं. ओवी, थँक्यू. “मला गांधी सिद्ध करून हवे होते, तुम्ही उलटंच केलंत,” असं काहीतरी तो बोलेल.

मेघदूत_टोरांटो

शेवटासाठी: चौकट तशीच ठेवून नाव काढायचं आणि इलियट लिहायचं. सरांना संदर्भ हवा होता, मिळाला. पाच गुण.

वकीलसाहेब

असं करू नये. पाटीवरचा मजकूर इलियटचा जसाच्या तसा नाही, तुम्हीच वर सांगितलंत. वरचं वाक्य कुणाचं ते ठाऊक नाही. मग इलियटच्या नावाने तो मजकूर छापणं म्हणजे तीच चूक दुसऱ्याच्या डोक्यावर घालणं. निखिलने चौकटीखाली ‘बँकेच्या शाखेतील फलक’ एवढंच लिहावं आणि तळटीपेत बाकीचं.

रानपाखरू

+१ वकीलसाहेब. पण सर म्हणणार, “बोर्डावर गांधी लिहिलंय ना, मग तू कोण?” आमच्या कॉलेजात असेच सर होते.

सातारकर

सरांना तसं दाखवू नका. ‘संदर्भ?’ असं लिहिणारा मास्तर त्या पाटीवर आधीच संशय धरून आहे. हल्ली तेवढं कोण विचारतो.

निवृत्त_कॅशियर

मी तर म्हणतो निखिलने तळटीप घेऊन त्या बँकेत जावं आणि मॅनेजरला दाखवावी. काय होईल ते सांगतो: मॅनेजर चहा पाजेल, वाचेल, “अरे वा” म्हणेल आणि पाटी तिथेच राहील. काढायची तर वरच्या ऑफिसाची परवानगी लागते.

शब्दवेल्हाळ

निवृत्त_कॅशियर, चहा घेतला! पाटी काढायला परवानगी लागते हेही घेते, तुमची हरकत नसेल तर. जिल्ह्याचा प्रवास, सीडी आणि निखिलचा राग घालून पुढचा भाग रविवारी टाकते. ग्रंथकीटक, त्यातलं खंडांचं वाचून द्याल का?

ग्रंथकीटक

देतो. खंड क्रमांकाशेजारी आवृत्ती लिहा म्हणजे झालं.

कोकणस्थ_नाही

लोकपालाचंही घाला.